भाताचं परत काढणार नाही

विटा, रविवार

चि. सायलीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आता त्या भाताचं परत काढू नका." बरं, नाही काढत. हे पत्र फ्रिजबद्दल आहे. अमोल बुधवारी नागपुरात पोहोचेल, त्याच्याजवळ पिशवी दिली आहे, तिच्यात हे पत्र आणि आमच्या दूध केंद्रातला एक थर्मामीटर आहे. काचेचा आहे, कपड्यांत गुंडाळलाय. पिशवी उलटी करून झटकू नकोस.

तू म्हणतेस की सीनियरनं जुना फ्रिज गळ्यात मारला, तो नीट थंडच करत नाही, म्हणून पुलाव बाधला. मला तसं वाटत नाही. त्या शनिवारी दुपारी एकला मेसचा गरम पुलाव डब्यात भरलास, झाकण घट्ट लावलंस, आणि तो टेबलावर राहिला. फ्रिजमध्ये गेला रात्री दहाला. नऊ तास झाले, तेही मार्चातल्या नागपुरात. भातात एक जंतू असतो, त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत. कोमट भात मिळाला की ती उगवतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून रविवारी तू मायक्रोवेव्हमध्ये वाफा निघेपर्यंत गरम केलास तरी तीन तासांत उलट्या सुरू झाल्या. वास नव्हता, चव बिघडलेली नव्हती, हे तू सांगितलंस ते अगदी बरोबर आहे. तिथंच माणूस फसतो. फ्रिजचा दोष एवढाच की त्यात ठेवलं म्हणून तुला तो भात चांगला वाटला.

केंद्रात मी आयुष्यभर हेच बघितलं. तू लहानपणी यायचीस तेव्हा तुला निळ्या दुधाच्या नळ्या बघायला आवडायच्या, आठवतं? दुधात मिथिलीन ब्लूचे थेंब टाकून नळ्या कोमट पाण्यात उभ्या करायचो. चांगल्या दुधाचा निळा रंग पाच-पाच तास टिकायचा, जंतू माजलेल्या दुधाचा अर्ध्या तासात उडायचा. एखाद्या गवळ्याचा कॅन उन्हात उशिरा यायचा. आम्ही तो चार अंशांवर आणला तरी नळीतला रंग उडायचाच, कारण थंडीनं जंतूंची वाढ मंदावते, झालेली वाढ परत जात नाही. तू स्टुलावर चढून विचारायचीस, "याचा रंग कधी जाणार?" आणि हरलेल्या नळीसाठी वाईट वाटून घ्यायचीस. तीच मुलगी आता एम.एस्सी. करते आणि मला पीसीआर समजावून सांगते. आजी गल्लीत सांगत फिरते. डॉक्टर म्हणूनच सांगते, मी दुरुस्त करत नाही.

असो. थर्मामीटर कसा वापरायचा ते सांगतो. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात एक पेला पाणी ठेव, रात्रभर त्यात थर्मामीटर बुडवून ठेव. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं बदलत नाही, म्हणून पाणी. सकाळी पाच अंश किंवा त्याच्या खाली आकडा दिसला तर फ्रिज चांगला आहे. जास्त असेल तर बटण एक-दोन आकडे वर ने. त्या बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. आकडा मोठा, थंडी जास्त. मग पुन्हा रात्रभर थांब. मागची बाजू भिंतीला चिकटवली असशील तर वीतभर पुढे ओढ, तिथून उष्णता बाहेर पडावी लागते. आणि तो वरचा बर्फाचा कप्पा म्हणजे घरचा फ्रीझर नव्हे. त्यात बर्फ कर, महिना-महिना काही साठवू नकोस. बर्फ बोटभर जाड झाला की रिकामा करून बंद कर आणि वितळू दे. सुरीनं टोकरू नकोस, नळी फुटली की गॅस गेला आणि फ्रिज भंगारात.

एक सोपी युक्ती. छोट्या वाटीत पाणी गोठव आणि बर्फावर एक रुपया ठेवून वाटी त्याच कप्प्यात राहू दे. सुट्टीवरून परत आलीस आणि रुपया वरच असेल तर वीज फार वेळ गेली नव्हती. तळाशी गेला असेल तर बर्फ वितळून पुन्हा गोठलाय, मग दूध-पनीर काही विचार न करता टाकून दे. रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेव. वीज गेली तर त्या थंडावा धरून ठेवतात. चार तासांपर्यंत दार न उघडता चालतं असं मोठ्या फ्रिजचं सांगतात, तुझा एवढासा आहे, त्याला कमीच धर.

आता आत काय ठेवायचं. आईनं यादी करून दिली होती, मी ती बाजूला ठेवली, कारण त्यात भरलं वांगं होतं, मटकीची उसळ होती आणि ओल्या खोबऱ्याची चटणी होती. दिवस आणि रात्र महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये काढून ती तुझ्यापर्यंत पोहोचली असती तेव्हा काय झालं असतं, हे तुला आता सांगायला नको. आई रुसली. शेंगदाण्याची, कारळ्याची आणि लसणाची सुकी चटणी, मेतकूट, जाड पोहे आणि लोणचं दिलंय. यातलं काही फ्रिजमध्ये घालू नकोस. जागा अडते, आणि सुक्या चटणीला आत-बाहेर करताना दमटपणा लागतो. लोणच्यात ओला चमचा मात्र घालू नकोस, तुझी ती सवय आईला माहीत आहे.

फ्रिजमध्ये तेवढंच ठेव जे तू रात्री अकराला, लॅबमधून दमून आल्यावर, काही न शिजवता खाशील. तू गेल्या महिन्यात काय टाकलंस ते मृण्मयीनं मला सांगितलं. (तिच्यावर चिडू नकोस, मीच विचारलं.) अर्धा लिटर दुधाची पिशवी, कोबी, अर्धं कलिंगड, किलोभर दही. दूध तुला लहानपणापासून आवडत नाही, मग पिशवी आणतेस कशाला? चहापुरतं हवं तर दोनशे मिलीचा टेट्रापॅक घे, न उघडता कपाटातही टिकतो, उघडला की आत ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव. दारातल्या खणात नको, तिथं सगळ्यात गरम असतं. तिथं पाणी ठेव. किलोचं दही घेऊ नकोस, छोटे कप घे. मोठ्या डब्यात रोज चमचा जातो, चौथ्या दिवशी ते आंबट ढाण होतं आणि तू तोंड वाकडं करतेस. कप उघडला की एका बैठकीत संपतो. वर पाणी सुटलं तर हरकत नाही, ढवळ आणि खा. गुलाबी-हिरवा ठिपका दिसला तर मात्र वरचं काढून खालचं खाऊ नकोस, अख्खा कप टाक.

दहीपोहे खा ना. मूठभर पोहे धुऊन पाच मिनिटं ठेवायचे, कपातलं दही, मीठ, शेंगदाण्याची चटणी, झालं. तू दहावीला पहाटे उठायचीस तेव्हा तेच खायचीस, माझ्या ताटातून. मी मुद्दाम जास्त घ्यायचो. पोहे सुके बाहेर, दही आत, दोन्ही बिघडायला निवांत. सोबत चीजचे सुटे क्यूब आण. पनीर आणलंस तर लहान पाकीट. उघडल्यावर पाण्यात बुडवून झाकण लाव, पाणी रोज बदल, दोन दिवसांत खा. अंडी हॉस्टेलला चालत असतील तर किटलीतच उकडून सालासकट ठेव, आठवडाभर टिकतात, त्यावर तारीख लिही. आजीला अंड्याचं बोलू नकोस. फळं अख्खी घे, केळी बाहेर. कापलेलं कलिंगड गाडीवरून आणू नकोस, ते किती वेळ उघडं होतं कुणाला ठाऊक.

सगळं आठवड्यातून दोनदा आण, रविवारी आणि बुधवारी. पाच दहीकप, एक चीज, चार अंडी, सहा फळं एवढ्यात फ्रिज भरलाच समज. आधी आणलेलं पुढे, नवीन मागे. मागचं दिसत नाही आणि न दिसलेलं खाल्लं जात नाही. रविवारी नवीन आणायला निघण्याआधी आत हात घालून बघ. सारखं उरणारी वस्तू पुढच्या आठवड्यात आणू नकोस, कितीही पौष्टिक असो.

फारच भाषण झालं. तुझ्या आईनं मागून वाचून "तिला परीक्षेला बसवताय का" असं विचारलं. माफ कर. पण तू सलाईनवर होतीस आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी मृण्मयीच्या आईकडून कळलं, त्या रात्री आम्ही दोघं जे बसलो होतो ते डोक्यातून जात नाही. तुला काळजीत टाकायचं नव्हतं असं तू म्हणालीस. कळव गं. लांब असलो तरी कळव.

आणि दहीभात तू सोडणार नाहीस, हे मला माहीत आहे, म्हणून तेवढं एकदाच. मेसचा गरम भात डब्यात दाबून भरू नकोस. ताटलीत पातळ पसर, पंख्याखाली निवू दे, अर्ध्या-पाऊण तासात निवतो. मग बसक्या डब्यात घालून लगेच आत टाक. शिजल्यापासून दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये असला पाहिजे, उन्हाळ्यात तासाभरात. मेसमध्ये भात किती वेळ भांड्यात होता ते आपल्याला कळत नाही, त्यामुळे वाढायला सुरुवात होते तेव्हाचा घे, शेवटचा नको. दही त्याच वेळी कालवू नकोस, खाताना कालव. त्याच रात्री खाऊन संपव. उद्याचा भात उद्या मिळतो. परत गरम करायचा असेल तर एकदाच, पुरा वाफाळेपर्यंत, पण पुन्हा सांगतो, टेबलावर राहिलेला भात गरम करून चांगला होत नाही.

पुन्हा कधी उलट्या झाल्या आणि पाणीही पोटात टिकेना, ताप आला किंवा शौचाला रक्त दिसलं, तर सकाळपर्यंत थांबू नकोस. ओआरएसची पाकिटं पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात आहेत. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नको.

गुरुवारी सकाळी पेल्यातला आकडा कळव. मार्क नाही विचारत, तेवढा आकडा विचारतोय.

तुझा
बाबा

ता. क. अमोल निघता निघता कळलं की आईनं पिशवीच्या तळाशी पुरणपोळ्या घातल्यात, तूप लावून, फडक्यात बांधून. तुझ्या हातात पडेपर्यंत या उन्हात त्यांचे दोन दिवस होतील. खाऊ नकोस. आईला छान होत्या म्हणून सांग.