नळ कोणत्या हाताने उघडलास?

प्रिय ओंकार,

रिपोर्टमध्ये कॅम्पिलोबॅक्टर आल्याचं काल फोनवर तू इतक्या सहज सांगितलंस, जणू लाइटबिल आलंय. ताप उतरला, जुलाब थांबले, हे ऐकून जीव भांड्यात पडला. मी फक्त "काळजी घे" एवढंच म्हणाले, कारण बाबा शेजारी बसून खुणावत होते, आता त्याला बोलू नकोस. बोलायचं नाहीच आहे. पण झोपही लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

बुधवारी दुपारी बाहेर खाल्लेलं बाधलं, असं तुझं म्हणणं. मला ते पटत नाही. हा जंतू पोटात गेल्या गेल्या त्रास देत नाही, बहुतेक वेळा दोन ते पाच दिवस घेतो. तुला बुधवारी रात्री ताप भरला. मागे मोजत जा, रविवार येतो. रविवारी तू तिघांचा स्वयंपाक केलास आणि मला फोटो पाठवलास. तो मी मावशीलाही दाखवला, शेजारीही दाखवला. माझा मुलगा चार माणसांना जेवू घालू शकतो याचं मला किती अप्रूप वाटतं, हे तुला कधी सांगितलं नाही.

काल रात्री तोच फोटो मोठा करून पाहिला. पातेल्यातलं चिकन छान दिसतंय, पाऊण तास रटरटलं होतं म्हणालास, त्यात काही जिवंत राहणं शक्य नाही. पण मागे ओट्यावर एकच चॉपिंग बोर्ड आहे. त्यावर काकडीच्या चकत्या आहेत आणि बोर्डाच्या कडेच्या खाचेत गुलाबीसर पाणी साचलंय. बाजूला चिकनचं फाडलेलं पाकीट. तुमच्यातल्या ज्याला कच्ची काकडी आवडत नाही, त्याने सर्वांत जास्त चिकन खाल्लं आणि तो ठणठणीत आहे. काकडी खाल्लेले तुम्ही दोघे आडवे झालात. तिघांवरून शपथ घेता येत नाही, पण मला दुसरं काही सुचत नाही.

तू म्हणशील, बोर्ड धुतला होता. धुतला असशील. पण तो धुवायला नळ कोणत्या हाताने उघडलास? चिकनच्याच ना? मग हात धुतलेस आणि स्वच्छ हाताने तोच नळ बंद केलास. त्याच हाताने काकडी घेतलीस. साबणाच्या बाटलीचंही तेच, फ्रिजच्या दांडीचंही तेच. आणि काकडी नंतर फ्रिजमध्ये ठेवली होती, हा दिलासा इथे चालत नाही. काही जंतूंना आजारी पाडण्याआधी अन्नात वाढावं लागतं. याला वाढायचीही गरज नसते, पाचशेच्या आसपास पोटात गेले तरी पुरतात, आणि तेवढे चिकनच्या पाण्याच्या एका थेंबात सहज असू शकतात. शिजताना ते मरतात. काकडी कोणी शिजवत नाही.

बघ, सुरू झाला माझा तास. माफ कर. तू आजारी आहेस आणि मी तुझी उलटतपासणी घेतेय.

खरं तर चूक माझ्यापासून सुरू होते. चिकन नळाखाली तीन पाण्यांनी धुवायला तुला मीच शिकवलं, कारण मला माझ्या आईने शिकवलं होतं. पाण्याने जंतू मरत नाहीत, नुसते उडतात. वाहत्या नळाखाली धरलं की बारीक शिंतोडे सिंकभर, ओट्यावर आणि बाजूला निथळत ठेवलेल्या ताटांवर जातात. त्यामुळे चिकन धुवायचंच नाही. पाकिटातून थेट भांड्यात टाक. फार ओलं वाटलं तर कागदाने टिपून कागद लगेच कचऱ्यात. कपड्याने टिपू नकोस, तो कपडा पुढे चार ठिकाणी फिरतो. माशाची खवलं आणि रक्त असेल तर धुवावं लागतं, पण मग आधी सिंक रिकामं कर, बारीक धारेखाली धू आणि नंतर सिंक साबणाने घास.

माशावरून ती रात्र आठवते. तू चार वर्षांचा होतास. मी माशाची पिशवी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवली होती, खाली तुझ्यासाठी कापलेल्या फळांचा वाडगा, उघडाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुला उलट्या सुरू झाल्या आणि रात्री सलाइन लावावं लागलं. तुझा हात इतका बारीक होता की शीर सापडेना. नक्की कशाने झालं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. पण पहाटे घरी येऊन मी फ्रिज उघडला, तर पिशवीच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकून वाडग्याच्या काठावर सुकलेलं होतं. मी किती वेळ तशीच उभी होते ते बाबांना विचार. तेव्हापासून आपल्याकडे कच्चं मांस-मासे झाकणाच्या खोल डब्यात आणि सर्वांत खालच्या कप्प्यात, त्याच्याखाली काही नाही. तुला ते माझं खूळ वाटायचं.

तुला आता फार काही करायला सांगत नाही, फक्त क्रम बदल. जे कच्चं खायचं ते सगळ्यात आधी चिरून झाकून आत ठेव. मीठ-मसाला वाटीत आधी काढून घे, म्हणजे भरलेला हात डब्यांकडे जाणार नाही. चिकन सगळ्यात शेवटी उघड. ते उघडण्याआधी सिंकमध्ये एका वाडग्यात साबणाचं पाणी काढून ठेव. काम झालं की हात आधी त्यात बुडवून चोळ, मगच नळाला लाव. मग वाहत्या पाण्याखाली साबणाने वीस सेकंद, आणि नळाची चावीही साबणाने पूस. बोर्ड गरम पाण्याने घासून झाला की लिटरभर पाण्यात छोटा चमचाभर बिनवासाचं ब्लीच घालून काही मिनिटं ओलं राहू दे, मग धुऊन वाळव. बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळ, आणि ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळू नकोस. सुरीने खोल चरे पडलेला बोर्ड मात्र टाकूनच दे, चऱ्यात घासणी पोचत नाही.

ज्या भांड्यात कच्चं मसाला लावून ठेवलं होतं, त्यात शिजलेलं परत काढू नकोस. हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं.

आणखी एक, घाबरू नकोस. या जंतूनंतर काही आठवड्यांत, फार क्वचित, पायांत अशक्तपणा किंवा मुंग्या सुरू होतात. तसं काही वाटलं तर झोप अपुरी झाली म्हणून सोडून देऊ नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आधी हे झालं होतं ते सांग. मी हे लिहू की नको, यात अर्धा तास गेला.

पुढच्या रविवारी त्या दोघांना पुन्हा बोलावतोयस म्हणे. बोलाव. जुलाब थांबून पूर्ण दोन दिवस होईपर्यंत मात्र दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नकोस. मी दोन बोर्ड पाठवतेय. लाल चिकन-माशाला, हिरवा बाकी सगळ्याला. लाल बोर्डाच्या मागे मार्करने नळ काढलाय.

तुझी,
आई