पोटदुखी अंगावर काढू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा सहज म्हणाले, "पोटात जरा कळ आली होती, ओवा खाल्ला, बरं वाटलं." ओव्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कॅज्युअल्टीत ड्युटी करताना मी जे पाहते ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, आधी तुमच्या हर्नियाबद्दल. जांघेतला तो गोळा आडवं पडल्यावर आत जातो, म्हणून तुम्ही तो इतकी वर्षं सांभाळलात. पण कधीतरी आतड्याचा वेढा त्यात अडकतो आणि मग तो आत जात नाही. गोळा कडक होतो, हात लावू देत नाही. सुरुवातीला पोटात कळ येते आणि जाते. मग पोट फुगतं, उलट्या सुरू होतात, आधी खाल्लेलं पडतं, नंतर हिरवं पित्त. संडास होत नाही आणि वाराही सरत नाही. येऊन-जाऊन असलेली कळ सतत दुखू लागली, तर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटत चालला असं समजायचं. त्यानंतर हातात काही तासच असतात.

मागे आमच्याकडे एक आजोबा आले, तुमच्याच वयाचे. आदल्या सकाळपासून पोट दुखत होतं. घरच्यांनी हिंगाचं पाणी दिलं, संध्याकाळी 'पोट साफ होईल' म्हणून एरंडेल पाजलं. पुढचा रस्ता बंद असताना जुलाबाचं औषध दिलं, की आतडं आणखी जोर लावतं. रात्रभर उलट्या झाल्या. आमच्या डॉक्टरांनी धोतर सैल करायला लावलं तेव्हा गोळा दिसला. आजोबांना तो ठाऊक होता, पण सुनेसमोर कसं सांगायचं! ऑपरेशनमध्ये आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढावा लागला. लाजण्याने होणारं असलं नुकसान आम्ही फार बघतो. तेव्हा पोट दुखलं की आधी जांघेला हात लावून बघा. गोळा आत जात नसेल तर तो दाबून बसवू नका, सरळ निघा.

आई, तुझं वेगळं आहे. तुला मधुमेह आहे, आणि मधुमेहात हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीत दुखेलच असं नाही. बेंबीच्या वर, छातीच्या खाली जळजळ किंवा जडपणा येतो आणि आपण त्याला पित्त म्हणतो. त्याबरोबर गार घाम आला, दम लागला, मळमळलं, किंवा जिना चढताना दुखून बसल्यावर थांबलं, तर इनो घेऊन वाट बघायची नाही. लगेच ईसीजी काढायचा. पहिला ईसीजी ठीक आला तरी दुखणं थांबलं नसेल तर काही वेळाने पुन्हा काढतात. त्यांना तसं विचार, संकोच नको.

आता गुडघ्यांच्या गोळ्या. बाबांची रक्त पातळ ठेवायची छोटी गोळी चालू आहे, आणि मेडिकलवाल्याकडून आणलेली गुडघेदुखीची गोळी वर. दोन्ही मिळून जठराला अल्सर होऊ शकतो, आणि तो आतल्या आत रक्त सोडतो. संडास डांबरासारखी काळी, चिकट आणि विचित्र वासाची झाली, तर पोट दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळी होते, पण ती सहसा अशी चिकट नसते. शंका असेल तर डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि अल्सर फुटला तर दुखणं एकाएकी येतं, पोट कडक होतं, हललं तरी सहन होत नाही. माणूस तळमळत नाही, निपचित पडून राहतो. अशा वेळी बाबा शांत पडलेत म्हणून आई, तू निश्चिंत होऊ नकोस.

एक गोष्ट मात्र तुम्हा दोघांनाही लागू आहे. उतारवयात आत मोठं बिघडलेलं असूनही ताप येईलच असं नाही, पोटही कधीकधी मऊच लागतं. त्यामुळे 'ताप नाही ना' हा आपला घरगुती दाखला इथे चालत नाही.

निघायचं ठरलं की काही खाऊ-पिऊ नका, दुखायची गोळी घेऊ नका, गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. १०८ ला फोन करा, बाबांनी स्कूटर काढायची नाही. गावातल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन घेऊन परत येण्यात वेळ जातो, तेव्हा सर्जन असलेल्या तालुक्याच्या हॉस्पिटलातच जा. गोळ्यांची पाकिटं आणि मधुमेहाची फाइल एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवा. मला वाटेतून फोन करा, मध्यरात्र असली तरी.

बाबा, हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख या महिन्यात ठरवूया. मी रजा टाकते.

तुमची,
माई