बाबांची पट्टी सुटेल तेव्हा मी समोर असेन

माटुंगा, मुंबई
मंगळवार रात्र

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल फोनवर मला धड सांगता आलं नाही. आई, तू "बरं, बघ तुझं" म्हणालीस आणि बाबांकडे न देता फोन ठेवलास. तेव्हापासून हातातलं काम सुचत नाहीये. म्हणून लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी बाबांनी वाचायचं नाही. आई, तूच वाचून दाखव.

शनिवारी बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी चिपळूणला नसेन. त्याच दिवशी आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांचं ओरिएंटेशन आहे आणि ते मी अंगावर घेतलंय. दादा शुक्रवारी रात्रीच येतोय, तो दवाखान्यात थांबेल. मी शनिवारी रात्रीच्या कोकणकन्येने निघते, पहाटे पोचते. पट्टी रविवारी दहाला काढणार आहेत. म्हणजे बाबांना डाव्या डोळ्याने आधी मीच दिसेन. डॉक्टरांशी मी स्वतः बोललेय. थेंब घालून डोळा बधिर करतात, वीस मिनिटांच्या आत आटपतं, त्याच दिवशी घरी सोडतात. हे सगळं विचारून, समजून मगच मी 'हो' म्हटलंय.

ओरिएंटेशनची तारीख बदलता येत नाही, कारण प्रवेशाच्या याद्या लागल्यावर वर्ग सुरू व्हायच्या आधी एवढा एकच शनिवार उरतो. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं, मुलांचा भाग तर नक्कीच. पण पालकांचं सत्र कापायचं, असं यंदा जवळजवळ ठरलं होतं. हॉल एकच, वेळ कमी, आणि गेल्या वर्षी ते फसलं. मी भांडून ते ठेवून घेतलं. आता मीच नसले तर पालकांना गेटवरून परत पाठवतील. बाबा, १९९६ साली मला सोडायला आला होतात, तेव्हा तुम्ही गेटबाहेर छत्री घेऊन किती वेळ उभे होतात, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मला पेपरवाल्याने सांगितलं.

गेल्या वर्षी फसलं ते कसं, तेही सांगते. मुलं आणि पालक एकाच हॉलमध्ये बसवले होते. भाषणं संपल्यावर "काही शंका?" असं विचारलं, तर एक वडील उठले आणि म्हणाले, "आमचा मुलगा फार बुजरा आहे, त्याच्याकडे जरा लक्ष द्या." बिचारे मायेपोटी बोलले. पण मुलगा शेजारीच बसला होता. पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या आणि त्याचे कान लाल झालेले मला स्टेजवरून दिसले. सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. आठवड्याने आला, शेवटच्या बाकावर बसला. तेव्हाच मी ठरवलं की दोघांना वेगळं बसवायचं. मुलांसमोर पालकांना खरं विचारता येत नाही, आणि पालकांसमोर मुलं तोंड उघडत नाहीत.

यंदा साडेआठपासून नोंदणी, साडेनऊला प्राचार्यांचं स्वागत. वीस मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. मग मुलं आमच्या दुसऱ्या वर्षाच्या स्वयंसेवकांबरोबर कॉलेज फिरायला जातील आणि पालक तळमजल्याच्या हॉलमध्ये माझ्याबरोबर बसतील. साडेअकराला सगळे एकत्र चहा-वडापावला. त्यानंतर फक्त विषय निवडायचा तास. नव्या पद्धतीत मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असलं बरंच असतं. सकाळी कोऱ्या डोक्याने ते ऐकलं की मुलं अजून घाबरतात, म्हणून ते शेवटी ठेवलं.

गटांचं मात्र तुम्हाला सांगायलाच हवं, कारण ते बाबांमुळे सुचलं. साडेतीनशे मुलं, तीस स्वयंसेवक, म्हणजे एकेकाकडे बारा-एक मुलं. आधी आम्ही आडनावाच्या अक्षराप्रमाणे गट पाडायचो. दिवसभर ओळख व्हायची आणि संध्याकाळी स्टेशनवर ती ओळख दहा दिशांना फुटायची. यंदा गट रेल्वेच्या लाइनप्रमाणे पाडलेत. कल्याणच्या पुढची मुलं एकत्र, ठाणे-मुलुंडची एकत्र, वेस्टर्नची वेगळी, हार्बरची वेगळी. जवळपास चालत येणाऱ्यांचा एक गट. बाबा, तुम्ही मला पहिल्या दिवशी विचारलं होतंत, "तुझ्या बाजूने जाणारं कुणी भेटलं का?" विषयाचं नाही, मार्कांचं नाही, हे विचारलंत. सोबतीने घरी जाणारं एक माणूस मिळालं की दुसऱ्या दिवशी पोर येतंच. वर्ग सुरू झाल्यावर विषयाप्रमाणे गट होतीलच, पण पहिल्या दिवशी लाइनच हवी.

मुलांना पाठवलेल्या कागदावर यंदा पहिली ओळ हीच लिहिलीय की फास्ट गाडी माटुंग्याला थांबत नाही, फास्टने आलात तर दादरला उतरून उलट कल्याणकडे जाणारी स्लो धरा. दरवर्षी कल्याणकडची पाच-सहा मुलं दादरला जाऊन गोंधळतात, उशिरा पोचतात आणि भरल्या हॉलमध्ये शिरायची लाज वाटून तशीच परत जातात. म्हणून माटुंग्याच्या पुलावर पिवळी फीत लावलेले दोघं उभे असतील, आणि गेटवर एक मुलगी शेवटपर्यंत थांबेल. उशिरा आलेल्याला ती मागच्या दाराने थेट त्याच्या गटात नेईल. उशीर का झाला, हे कुणीही विचारायचं नाही.

स्वयंसेवक निवडताना मी स्टेजवर गाजणारी मुलं घेतली नाहीत. ज्यांना पहिल्या वर्षी जड गेलं होतं, मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी लेक्चरला ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, अशी घेतली. दोन संध्याकाळी त्यांची तयारी करून घेतली. बारावीचे मार्क विचारायचे नाहीत. आडनाव, प्रवेश कुठल्या कोट्यातून, हे तर अजिबात नाही. "चल, इंट्रो दे" म्हणून कुणाला उभं करायचं नाही, गायला-नाचायला लावायचं नाही. थट्टेत सुरू होतं आणि तेच रॅगिंग ठरतं. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याला कायदा आहे. शेजारच्याशी पाच मिनिटं बोलायचं, बस्स. आणि "घाबरू नकोस" म्हणायचं नाही. तसं म्हटलं की आपण घाबरलेले दिसतोय, हे पोराला कळतं. त्यापेक्षा "चल, पाणी कुठे मिळतं ते दाखवतो" म्हणायचं. आई, तू मला बालवाडीत सोडताना रडू नकोस असं कधी म्हणाली नाहीस. हातात खडू दिलास आणि म्हणालीस, "माझ्यासाठी एक गोल काढ बघू." तो गोल अजून डोळ्यांसमोर आहे.

पालकांच्या सत्रात मी फार बोलणार नाही. ७५ टक्के हजेरी लागते, ते सांगायचं. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्राचं सांगायचं, कारण त्या शब्दालाच लोक घाबरतात, स्टँपपेपर आणायला धावतात. ते ऑनलाइन भरायचं असतं. पोरगं गप्प झालं, जेवेनासं झालं, मोबाइल वाजला की दचकायला लागलं, तर वाट बघत बसू नका, आम्हाला सांगा. आम्हाला सांगायचं नसेल तर १८००-१८०-५५२२ या नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत. एवढं झालं की उरलेला वेळ त्यांचा. प्रश्न हात वर करून नाही, चिठ्ठीवर लिहून घेणार. ज्यांना लिहायला अवघड जातं त्यांच्याजवळ आमच्या ऑफिसातले शिपाईमामा बसतील. त्यांच्याशी लोक मोकळं बोलतात.

गेल्या वर्षी सगळे गेल्यावर आसनगावहून आलेले एक वडील मागे राहिले होते. हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा, लेकीचा. मला म्हणाले, "मॅडम, ही सकाळी साडेपाचला निघणार, डबा आणेल. पण ती बसून खाणार कुठं?" मला उत्तर देता येईना. आम्ही मुलांना लायब्ररी दाखवली होती, प्रयोगशाळा दाखवली होती, ट्रॉफ्यांचं कपाट दाखवलं होतं. डबा कुठे उघडायचा, ते कुणालाच सुचलं नव्हतं. कँटीनमध्ये काही विकत न घेता बसलं तर उठवतात, वर्गात खाऊ देत नाहीत. मी चौकशी केली तेव्हा कळलं की ती मुलगी दोन महिने जिन्याच्या वळणावर उभ्याने खात होती. आता पहिल्या मजल्यावरची एक खोली बारा ते दोन डब्यासाठी उघडी असते, आणि यंदाच्या फेरीत लायब्ररीच्याही आधी ती खोली दाखवायची आहे. ती मुलगी या वर्षी कल्याणच्या पुढच्या गटाची स्वयंसेवक आहे.

दहाव्या दिवशी आम्ही हजेरी काढतो. गटातलं जे मूल तीन दिवस दिसलं नाही, त्याला त्याच्या स्वयंसेवकाने फोन करायचा, ऑफिसने नाही. तरी दोन-चार निसटतातच. कुणाची फी भरायची राहिलेली असते, कुणाला कामाला लावलेलं असतं. तिथे पिवळी फीत पुरत नाही, मला घरी जावं लागतं.

आई, आता तुझ्यासाठी. शनिवारी सकाळी बाबांना चहा, साखरेची गोळी द्यायची की नाही, ते दादा डॉक्टरांना विचारून सांगेल. तू मनाने ठरवू नकोस. घरी आल्यावर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, वाकणं नाही, बादली उचलणं तर नाहीच. तुळशीला पाणी तू घाल. थेंब घालायच्या आधी दर वेळी साबणाने हात धू. वेळा मी कागदावर लिहून दादाकडे दिल्यात, तो फ्रिजवर चिकटवेल. काळा चष्मा आणि तुझा गुडघ्याचा पट्टा कुरियरने पाठवलाय, गुरुवारपर्यंत यावा. मागच्या अंगणात शेवाळ धरलं असेल, बाबांना रात्री तिकडे एकटं सोडू नकोस. शेजारच्या काकू दोन दिवस पोळी-भाजी देणार आहेत. संकोच करू नकोस, मी त्यांच्याशी बोललेय.

बाबा, तुम्ही रागावला नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि त्यानेच जास्त लागतं. शनिवारी ते सगळे पालक हॉलमध्ये येऊन बसतील तेव्हा पुढच्या रांगेतली एक खुर्ची मी रिकामी ठेवणार आहे. रविवारी पहाटे दार उघडायला उठू नका. किल्ली माझ्याकडे आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. पाऊस असला तर गाडी उशिरा येईल. दहाच्या आत पोचले नाही तर डॉक्टरांना म्हणावं, अर्धा तास थांबा.