गाठ दिसली, पण सुईची घाई नको

महोदय,

वर्षानुवर्षे सिगारेट ओढलेल्यांच्या कमी मात्रेच्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात ‘७ मिलिमीटरची भरीव गाठ, ६ महिन्यांनी पुन्हा स्कॅन’ असे लिहून आले, की कर्करोगाच्या भीतीने घरच्यांच्या पोटात गोळा येतो. ‘डॉक्टर, बायोप्सी आजच उरका’ म्हणून ते हटून बसतात. पण एवढ्याशा गाठीत सुई नेमकी पोहोचवणे अवघड, शिवाय फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठण्याचा धोका असतो. आपल्याकडे तर अशी गाठ म्हणजे कित्येकदा जुन्या क्षयाचा व्रणच निघतो.

६ महिन्यांनी ती ७ चीच राहिली, तर पुढे वर्षाने स्कॅन पुरतो. ९ झाली तर? वाढ दोनच मिलिमीटरची. पण गोलाचे आकारमान तेवढ्यात दुपटीहून अधिक होते. मग पेट स्कॅन आणि बायोप्सीचा विचार करावाच लागतो. (पेट स्कॅनवर कर्करोगासारखीच क्षयाची सक्रिय गाठही चमकते, त्यामुळे तेवढ्यावर निकाल लावता येत नाही.) दीड मिलिमीटरपर्यंतचा फरक मात्र वाढ धरत नाहीत, तो मोजण्यातलाही असू शकतो.

म्हणूनच दुसरा स्कॅन शक्यतो त्याच केंद्रात, तशाच पातळ छेदांच्या प्रतिमा घेऊन करावा. पुण्यात लोक सवलत बघून केंद्र बदलतात आणि सोबत नुसता कागदी अहवाल आणतात. जुन्या स्कॅनची सीडी कपाटात राहिली, तर डॉक्टरांनी तुलना कशाशी करायची?

– एक निवृत्त क्ष-किरणतज्ज्ञ, सदाशिव पेठ, पुणे