ताईच्या बाजूचं दार

ठाणे,
१२ जानेवारी

प्रिय बंड्या,

नव्या गाडीचा फोटो मिळाला. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, शेजारी पोट आत घेऊन उभा असलेला तू, सगळं साग्रसंगीत! पेढे नाशिकला येऊन वसूल करीन. पण नुसता अभिनंदनाचा फोन करून मोकळं व्हावं असं वाटेना. नोव्हेंबरात आमच्याकडे जे झालं ते तुला मी अर्धवट सांगितलं होतं, 'गाडीला जरा लागलं' एवढंच. लागलं ते गाडीला नव्हे.

नौपाड्यातला गोखले रोड आठवतो ना? संध्याकाळी सातची वेळ. ताई डोंबिवलीहून आली होती, तिला साडीला फॉल लावायला टाकायचा होता. दुकानासमोर डावीकडे जागा मिळाली म्हणून मी खुशीत गाडी लावली. आरशात पाहिलं, मागे मोकळं होतं. मग हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, पट्टा काढला, मोबाइल खिशात टाकला. तेवढ्यात मागून दाराचा खटका वाजला. ताई बरोबर माझ्या मागे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला बसली होती. तिने घरचं दार ढकलावं तसं ते एका झटक्यात पूर्ण उघडलं, आणि त्याच क्षणी स्कूटरवरचा एक मुलगा तिथे पोचला.

पुढचं मी मनात शंभर वेळा पाहिलंय, म्हणून नीट सांगतो. तो दारावर समोरून आपटला नाही. त्याच्या हँडलचं डावं टोक दाराच्या कडेला अडकलं. डावं टोक मागे ओढलं गेलं की पुढचं चाक डावीकडे, म्हणजे गाडीकडे वळतं. पण माणूस मात्र उजवीकडे फेकला जातो. उजवीकडे काय असतं? चालता रस्ता. मागून बस येत होती. त्या ड्रायव्हरने ब्रेक कसा मारला देव जाणे, पण बस थांबली. मुलाचं कॉलरबोन मोडलं होतं. दाराने माणसाला जेवढं लागतं त्याहून मोठं संकट दारापलीकडच्या रस्त्यावर असतं, हे मला त्या बसच्या दिव्यांच्या उजेडात कळलं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते एका गोष्टीने. मी आरशात पाहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मग तो आला कुठून? घरी येऊन हिशोब केला. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण आठ मीटर. हँडब्रेक, किल्ली, पट्टा, मोबाइल यात माझे पाच सेकंद तरी गेले असतील. तेवढ्यात स्कूटर चाळीस मीटर पुढे येते. मी आरशात पाहिलं तेव्हा तो मागच्या रिक्षांच्या गर्दीत कुठेतरी होता. म्हणजे आरशात पाहिलेलं पाच सेकंदात शिळं झालं होतं. आणि दार उघडलं तेव्हा तो फार तर दोन गाड्यांच्या अंतरावर असणार. दार दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो, म्हणजे तेच आठ मीटर. ब्रेक लागायच्या आतच तो दारापाशी होता. त्याला 'बघून चालवता येत नाही का' म्हणणारे दोघंतिघं गर्दीत होतेच, असतातच.

त्याला आम्ही लगेच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हे उपकार नव्हेत बरं का. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आहे: जखमीवर उपचार होतील हे पाहायचं, आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत पोलिसांना कळवायचं. मी त्याच रात्री चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "दार कुणी उघडलं?" ताई म्हणाली, "मी." मी मनात म्हटलं, गाडी तर उभी होती, हिचा काय संबंध. तर ते म्हणाले, निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवाला धोका करण्याचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं १२५, हे 'चालक' म्हणत नाही, 'जो कोणी' म्हणतं. ताई पांढरी पडली. पुढे ते कसं निस्तरलं ते भेटीत सांगेन, लांबलचक आहे.

पण मला विचारशील तर चूक ताईची कमी आणि माझी जास्त. अरे, तीन आरसे कुणाकडे होते? माझ्याकडे. मागच्या सीटवर एकही आरसा नसतो. तिथला माणूस मान पूर्ण वळवली तरच काही पाहू शकतो, आणि मध्ये काळी काच, डोक्याची उशी, मागे उभी एखादी उंच गाडी. जिला दिसत नाही तिने दार उघडलं, आणि ज्याला दिसतं तो खिशात मोबाइल कोंबत होता.

आता आमच्याकडे मागचं उजवं दार आतून उघडतच नाही. दार उघडून त्याच्या कडेला, कुलपाजवळ बघ. छोटा खटका असेल, लहान मुलांसाठीचा. तो सरकवला की आतलं हँडल काम करत नाही. मागचे सगळे डावीकडे सरकून उतरतात. साडी सांभाळत सरकायला ताईला जड जातं, तेव्हा मी उतरून, रस्ता पाहून तिचं दार बाहेरून उघडतो. याला एक मर्यादाही आहे: कधी घाईने बाहेर पडायची वेळ आली तर आतल्या माणसाला काच खाली करून बाहेरच्या हँडलला हात घालावा लागेल. हे आईला दोनदा करून दाखवलंय. एकदा दाखवून तिने "हो हो" म्हटलं, म्हणजे कळलं नव्हतं.

आणि मी स्वतः? दार उजव्या हाताने उघडणं सोडलं. डावा हात छातीवरून आडवा नेऊन हँडल धरायचं. करून बघ, खांदा आपोआप वळतो आणि मान मागे जाते. पाहायचं लक्षात ठेवावं लागत नाही. हॉलंडमध्ये ही पद्धत आहे, आणि इंग्लंडच्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून तसं सांगितलंय. मग दार आधी चार बोटं उघडायचं, पुन्हा बघायचं, मग उतरायचं. पहिले आठ दिवस मला स्वतःचंच हसू येत होतं. बायको अजून हसते, पण तीही आता उजव्या हाताने उघडते. ती डावीकडे बसते ना, तिचा लांबचा हात तो. घोडबंदर रोडला गाड्या तुंबल्या की डावीकडच्या फटीतून बाइकवाले कसे सुसाट येतात, हे तिला मी सांगायची गरज नाही.

तो मुलगा बरा आहे. सहा आठवडे हात झोळीत होता. परवा घरी आला होता. ताईने त्याला जबरदस्तीने डिंकाचे लाडू दिले, त्याने घेतले. स्कूटर अजून चालवत नाही म्हणाला.

वहिनींना नमस्कार, पिंट्याला पापा.

तुझा,
पक्या

ता. क. : समोरही बघत जा. आपल्याकडे उलट दिशेने येणारे कमी नाहीत. दाराची बिजागरी पुढच्या बाजूला असते, त्यामुळे समोरून कुणी आपटला तर दार मिटतं, आणि मध्ये आपला पाय असतो.