उद्यमबागच्या अण्णांना, त्या शिफारसपत्राबद्दल

अण्णा, नमस्कार.

शिनोळीच्या काजू गोदामाच्या पत्र्यांचं काम मला मिळालं. फोनवर सांगितलं तेव्हा "बरं झालं बघ" म्हणून तुम्ही लगेच दुसरा विषय काढलात. आभार मानूच दिले नाहीत, म्हणून इथं चारचौघांत लिहितोय.

तुमच्याकडं यायच्या आधी, मी जिथं वर्षानुवर्षं कामं केली, तिथं शिफारसपत्र मागायला जाऊन आलो होतो. एकांनी लेटरहेडवर "काम समाधानकारक, पुढील वाटचालीस शुभेच्छा" लिहून दिलं. कुठलं काम, कधी, केवढं, काही नाही. दुसरे म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही मारतो." गोदामवाल्यांनी ते पहिलं पत्र परत दिलं. तुम्ही पत्रे घातलेत की रंग दिलात, हेही यावरून कळत नाही म्हणाले. खरंच होतं ते. पण ज्यांच्या शेडवर उन्हातान्हात राबलो, त्यांना माझ्यासाठी चार ओळी सुचू नयेत, याचं फार वाईट वाटलं.

तुम्ही पेन उघडायच्या आधी विचारलंत, "त्यांना काय करून घ्यायचंय?" काजूचं गोदाम म्हटल्यावर म्हणालात, "मग त्यांना गळतीचीच धास्ती." आणि पत्र त्याच अंगानं लिहिलंत. फाउंड्रीच्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे काढून नवे घातले, सुमारे 8,000 चौरस फूट, 2022 च्या उन्हाळ्यात, भट्टी चालू ठेवून टप्प्याटप्प्यानं, पावसाआधी पूर्ण. फॅब्रिकेशनचंही लिहा म्हटलं, तर "ते मी बघितलं नाही, कसं लिहू?" म्हणालात.

पुढचा परिच्छेद वाचून मात्र माझ्या पोटात गोळा आला. "पहिल्या जोराच्या पावसात दोन छपरांमधल्या पन्हळीतून पाणी आत आलं. शेजारच्या झाडाचा पाला साचून पन्हळ तुंबली होती. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी भर पावसात हे स्वतः आले, पाला काढला, पन्हळीच्या तोंडाला जाळी बसवली, जादा पैसे घेतले नाहीत. त्यानंतर गळती नाही." हे कशाला, असं मनात आलं, पण तुमच्यापुढं बोललो नाही.

गोदामाच्या मालकांनी नेमकं त्याच ओळींवर बोट ठेवलं. म्हणाले, पत्रे सगळेच घालतात. पाणी आलं की फोन उचलणारा माणूस हवाय. मग सहीखाली तुम्ही दिलेल्या नंबरवर त्यांनी तुम्हाला फोन लावला. पाला, जाळी, सगळं तुम्ही पत्रात लिहिलं तसंच सांगितलंत, वर त्यांना शेड बघायला बोलावलंत. कारखान्याच्या घाईत परक्या माणसाला शिडीवर चढवून पन्हळ दाखवलीत, अण्णा! स्वतःचा काही फायदा नसताना एवढं कोण करतं?

शिनोळीचं काम मेअखेर संपेल. त्याआधी एका रविवारी येऊन तुमची पन्हळ साफ करून जातो, जाळीही बदलायला झालीय.

तुमचा,
पत्रेवाला