जोत्याची उंची रस्त्यावरून धरू नकोस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘मिस्त्री म्हणतो रस्त्यापेक्षा दोन फूट जोतं घेऊ, पुरे होईल,’ या वाक्यावर अडकलो, म्हणून आजच लिहायला बसलो. अरे, रस्ता किती उंच आहे हे पाण्याला ठाऊक नसतं. शिवाय डांबराचे थर चढतील तसा तो रस्ताही वर येईल. जोतं धरायचं ते पुराच्या खुणेवरून.

त्या जागेजवळच्या जुन्या भिंतींवर गाळाची आडवी रेघ शोध. आजूबाजूच्या दोन-तीन वयस्क माणसांना वेगवेगळं विचार, पाणी कुठपर्यंत चढलं होतं म्हणून. सगळ्यांत वरची खूण धर. मग पारदर्शक नळीत पाणी भरून ती खूण तुझ्या प्लॉटवरच्या खुंटीवर आण. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी लेव्हल चुकते, तेव्हा हे काम उभं राहून करून घे.

तू पाठवलेल्या मापांवर हिशेब मांडून पाहिला. रस्त्याचा मध्य शून्य धर. तुझा प्लॉट त्याच्या ९० सेंटिमीटर खाली आहे आणि पुराची खूण ३० सेंटिमीटर वर. खुणेच्या वर निदान ४५ सेंटिमीटर मोकळे ठेवायचे, कारण पुढचा पूर मागच्या खुणेवर थांबेलच असं नाही, आणि गाडी गेली तरी लाटा उठतात. म्हणजे जोतं रस्त्यावर ७५ आणि प्लॉटपासून १६५ सेंटिमीटर. पंधरा सेंटिमीटरच्या अकरा पायऱ्या होतील. जास्त वाटतात, पण मिस्त्रीच्या दोन फुटांत पुराच्या वर फक्त एक फूट उरतो.

आता भरावाचं. यात मी स्वतः पोळलोय. मागच्या खोलीचा मीटरभर भराव आमच्या माणसाने दोन दिवसांत ओतून वरून पाणी मारलं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीकडेची फरशी खाली बसली, स्कर्टिंगखाली बोट जाईल एवढी फट पडली. काठीने ठोकलं तर ढबढब पोकळ आवाज यायचा. सगळी फरशी उखडावी लागली. म्हणून सांगतो, पायाच्या खोदाईत निघालेली काळी माती आत टाकू देऊ नकोस. ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. मुरूमच घे. वीस सेंटिमीटरचा थर पसरायचा, ओला करायचा, धुम्मस करून पंधरावर आणायचा, मगच पुढचा. सोलिंग आणि काँक्रीटची जागा सोडली तर दीड मीटर भराव उरतो, म्हणजे असे दहा थर. प्रत्येक थरात जागोजागी सळई हाताने दाबून बघ. सहज आत गेली तर तो थर पुन्हा ठोकायचा.

एवढा भराव जोत्याच्या भिंतीला बाहेर ढकलतो. खरा धोका पूर ओसरताना असतो: बाहेरचं पाणी उतरतं, आतला मुरूम मात्र ओलाच असतो. भिंतीत खालच्या अंगाला पाणी झिरपायला भोकं आणि त्यांच्यामागे खडी हवीच. भिंतीची जाडी आणि बीम इंजिनिअरकडून काढून घे, अंदाजाने नको. आणि भराव घराखालीच कर. अख्खा प्लॉट उचललास तर तुझ्याकडे थांबणारं पाणी शेजाऱ्याच्या दारात जाईल.

गटाराची गोष्ट वेगळी. ते रोजच्या पावसासाठी, पुरासाठी नाही. घराभोवती पहिल्या तीन मीटरांत जमिनीला पंधरा सेंटिमीटर उतार दे. गटाराचा तळ घराजवळ रस्त्याच्या १०० सेंटिमीटर खाली धर. नाला चाळीस मीटरवर आहे. दोनशेला एक उतार धरला तर तिथे तळ १२० वर पोचतो, आणि नाल्याचा तळ १४० वर आहे. म्हणजे वीस सेंटिमीटरची पडण मिळते. जमतंय. नाल्यात गाळ साचला की मात्र हीच पडण आधी संपेल.

पूर आला की नाला फुगून याच गटारातून उलटा येतो. तोंडाला बाहेरच उघडणारी झडप बसव आणि पावसाळ्याआधी तिच्यात अडकलेला पालापाचोळा काढ. तरी अंगणात पाणी येणारच, ते मान्य कर. संडास-बाथरूमच्या लाइनचं मात्र नीट बघ. बाहेरच्या चेंबरची झाकणं पुराच्या खुणेखाली असतील तर पाणी पाइपात शिरून खुणेएवढं चढतं. घरातला प्रत्येक ट्रॅप खुणेच्या वर हवा. जोतं खुणेच्या ४५ सेंटिमीटर वर असल्याने बाथरूमचे ट्रॅप वाचतील, पण मागच्या दारची भांडी घासायची मोरी अंगणाच्या लेव्हलला काढलेली दिसते. तिचा पाइप घराच्या लाइनला जोडू नकोस, वेगळा काढ. नाहीतर सगळ्यात आधी घाण पाणी तिथूनच वर येईल.

पायाची आखणी करण्याआधी नळीने घेतलेली खूण, प्लॉटचे चारही कोपरे आणि नाल्याचा तळ, ही मापं पुन्हा एकदा पाठव. पहिल्या वेळी नाल्याचं माप कोरड्या गाळावरून घेतलं होतं की खालच्या कठीण तळावरून, तेही लिही.

तुझा,
मित्र